आधी भीतीबद्दल बोलू

प्राचार्य मॅडम, सर आणि मुलांनो, नमस्कार.

अतिदक्षता विभागात मी बावीस वर्षं सिस्टर म्हणून काम केलं. आज अवयवदानावर बोलायला आले आहे, पण कोणाकडून फॉर्म भरून घ्यायला नाही. आणि तुमच्यापैकी कोणाच्या घरी नुकतंच कोणी गेलं असेल, तर मध्येच उठून बाहेर गेलात तरी चालेल.

माझी आजी मालवणची. नेत्रदानाचं नाव काढलं की म्हणायची, "डोळे दिले तर पुढच्या जल्माक आंधळी येतलंय मां गो?" मी म्हटलं, "आजी, चितेवर डोळे तरी कुठे उरतात?" ती हसली, पण होकार दिला नाही. तिच्या मागे आम्ही तिचे डोळे दिले नाहीत. तो तिचा निर्णय होता.

तुमची भीती वेगळी असेल. महामार्गावर बाइक घसरली आणि खिशात दानाचं कार्ड सापडलं, तर डॉक्टर वाचवायचं सोडून देतील का? नाही. हृदयासारखे अवयव मेंदूमृत्यूनंतरच, म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबल्यावरच घेतात, आणि मेंदूमृत्यू एकटा डॉक्टर ठरवत नाही. 1994 च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ तपासण्या करतं, त्याही दोनदा, मध्ये किमान सहा तास ठेवून. प्रत्यारोपण करणारा डॉक्टर त्या मंडळात नसतो.

"पण छाती तर वरखाली होत असते!" हे मी नातेवाइकांकडून किती वेळा ऐकलं असेल! कठीण असतं ते. अंग गरम, मॉनिटरवर ठोके दिसतायत. पण श्वास व्हेंटिलेटरचा असतो, आणि प्राणवायू मिळतोय तोवर हृदय स्वतःच्या लयीत थोडा काळ चालतं. कोमा वेगळा. कोमातला मेंदू जिवंत असतो, त्यातून माणूस परत येऊ शकतो. मेंदूमृत्यूतून येत नाही.

देहाची विटंबना होत नाही. शस्त्रक्रियेनंतर टाके घालून देह घरच्यांच्या ताब्यात देतात. अंघोळ, दर्शन, सगळं रीतीप्रमाणे होतं. (पिंडाला कावळा शिवेल का, असंही मला विचारलंय. कावळ्याची हमी मी देत नाही.) अवयव विकणं आणि विकत घेणं, दोन्ही गुन्हे आहेत.

हृदय, यकृत, मूत्रपिंडं यांचं असं दान मेंदूमृत्यूनंतर, इस्पितळातच होतं. नेत्रदान मात्र घरी मृत्यू झाला तरी होतं. डोळे चार ते सहा तासांच्या आत काढावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवायचं, पंखा बंद करायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा. वयाची, चष्म्याची अडचण नसते.

अठरा पूर्ण झालेल्यांना प्रतिज्ञा नोंदवता येते. पण तुम्ही नोंदवलीत तरी त्या वेळी घरच्यांची संमती लागतेच. म्हणून फॉर्मच्या आधी आईबाबांशी बोला. रात्री जेवताना विषय काढलात तर आई "शुभ बोल" म्हणून ओरडेल, ते गृहीत धरा. राष्ट्रीय हेल्पलाइन 1800114770, नि:शुल्क आहे.

आता प्रश्न विचारा. मोठ्याने नको वाटत असतील तर चिठ्ठीवर लिहून पुढे पाठवा, नाव घालू नका.