हृदय आणि रक्ताभिसरण: वर्कशीट

विषय: विज्ञान, जीवशास्त्र भाग
इयत्ता ८ वी ब, हजेरी क्रमांक २३
गाव: तासगाव तालुका, जि. सांगली

मॅडम, तुम्ही टाइप करून पाठवली तरी चालेल म्हणालात म्हणून मोबाईलवर टाइप केलीय. आकृतीचं पान वेगळं फोटो काढून पाठवलंय, बाणांचे नंबर तेच ठेवलेत.

प्रश्न १. आकृतीतील १ ते ११ बाणांना नावे द्या.

आधी एक सांगतो, आकृतीत आपल्या डाव्या हाताला जे दिसतं ते हृदयाची उजवी बाजू आहे. माणूस आपल्याकडं तोंड करून उभा राहिला की त्याचा उजवा हात आपल्या डावीकडं येतो ना, तसंच. हे डोक्यात बसलं नाही तर सगळी नावं उलटी पडतात, म्हणून मी पेन्सिलनं आधीच पानाच्या कडेला "उजवी" आणि "डावी" लिहून घेतलं.

१ – ऊर्ध्व महाशिरा (डोकं, हात इकडनं रक्त आणते)
२ – अधो महाशिरा (पोट, पाय इकडनं)
३ – उजवं अलिंद. आमचे आजोबा याला कर्णिका म्हणतात, त्यांच्या शाळेत तोच शब्द होता
४ – त्रिदल झडप
५ – उजवं निलय (आजोबांची जवनिका)
६ – फुफ्फुस धमनी
७ – फुफ्फुस शिरा, चित्रात दोनच दाखवल्यात पण असतात चार, प्रत्येक फुफ्फुसातनं दोन
८ – डावं अलिंद
९ – द्विदल झडप
१० – डावं निलय
११ – महाधमनी

उजवा आणि डावा भाग वेगळा करणारी मधली जाड भिंत आहे तिला बाणच दिलेला नाही, मी तिला विभाजक पडदा असं लिहून रंग दिलाय. तिच्यामुळंच अशुद्ध आणि शुद्ध रक्त एकमेकात मिसळत नाही म्हणून ती सोडून द्यावी असं वाटलं नाही.

प्रश्न २. एका वाक्यात उत्तरे द्या.

(अ) हृदय कुठे असते? – छातीच्या पिंजऱ्यात दोन फुफ्फुसांच्या मध्ये, टोक जरा डावीकडं कललेलं.

(आ) हृदयावरील आवरणाला काय म्हणतात? – हृदयावरण, ते दुपदरी असतं आणि दोन पदरांच्या मध्ये द्रव असतो त्यामुळं घासत नाही.

(इ) मोठ्या माणसाचे हृदय मिनिटाला किती वेळा धडधडते? – शांत बसल्यावर साधारण ७२ वेळा.

(ई) रक्ताला लाल रंग कशामुळे? – हिमोग्लोबिनमुळं, त्यात लोह असतं आणि तेच ऑक्सिजन धरून नेतं.

(उ) "लब-डब" आवाज कशाचा? – झडपा बंद व्हायचा. पहिला लब अलिंद आणि निलय यांच्या मधल्या झडपांचा, दुसरा डब धमन्यांच्या तोंडाशी असणाऱ्या अर्धचंद्राकृती झडपांचा.

प्रश्न ३. धमनी आणि शिरा यातील फरक लिहा.

धमनी हृदयापासून रक्त लांब नेते, शिरा हृदयाकडं आणते, खरा फरक एवढाच आहे. बरेच जण "धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध" असं लिहितात पण ते सगळीकडं लागू होत नाही, कारण फुफ्फुस धमनीत अशुद्ध रक्त असतं आणि फुफ्फुस शिरेत शुद्ध. म्हणजे रक्त कसलं आहे यावर नाव ठरत नाही, ते कुठं चाललंय यावर ठरतं.

धमनीची भिंत जाड आणि लवचिक असते कारण प्रत्येक ठोक्याला तिच्यावर दाब येतो. शिरेची भिंत पातळ, आत दाब कमी. पायातनं रक्त वर चढायचं असतं आणि मागं ढकलायला जोर फारसा नाही म्हणून शिरांच्या आत झडपा असतात, त्या रक्ताला खाली उतरू देत नाहीत. आजोबांच्या हातावर ज्या हिरव्या निळ्या रेषा दिसतात त्या शिरा. धमन्या बहुतेक खोल असतात, मनगटाजवळ मात्र एक वर येते, तिथंच आपण नाडी बघतो.

प्रश्न ४. रक्ताचा प्रवास क्रमाने लिहा.

पायाच्या अंगठ्यातनं निघालेलं रक्त धरतो. ते शिरांतनं वर येत अधो महाशिरेत येतं, तिथनं उजव्या अलिंदात, त्रिदल झडपेतनं उजव्या निलयात, निलय आकुंचन पावलं की फुफ्फुस धमनीतनं फुफ्फुसात. तिथं कार्बन डायऑक्साइड सोडायचा, ऑक्सिजन घ्यायचा. मग फुफ्फुस शिरांतनं डाव्या अलिंदात, द्विदल झडपेतनं डाव्या निलयात, तिथनं महाधमनीत आणि परत सगळ्या अंगाला, म्हणजे पुन्हा अंगठ्याला.

मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की एका पूर्ण फेरीत रक्त हृदयातनं दोनदा जातं. एकदा फुफ्फुसाला जाताना, एकदा अंगाला जाताना. म्हणून याला दुहेरी रक्ताभिसरण म्हणतात. आणि दोन्ही बाजू एकाच वेळी चालतात, आधी उजवी मग डावी असं नाही, दोन्ही अलिंदं एकदम दाबली जातात आणि मग दोन्ही निलयं एकदम.

रक्त असं गोल फिरतं हे विल्यम हार्वे यांनी १६२८ साली पुस्तकात मांडलं. त्याच्या आधी लोक समजायचे की रक्त लिव्हरमध्ये तयार होतं आणि अंगात संपून जातं. हार्वेंनी हिशोब केला की हृदय इतकं रक्त बाहेर टाकतं की तेवढं रोज खाण्यातनं तयार होणं शक्यच नाही, म्हणजे तेच रक्त परत येत असणार. पण धमनीतनं शिरेत ते जातं कसं हे त्यांना दिसलं नव्हतं. ते मालपिघी यांनी १६६१ साली बेडकाच्या फुफ्फुसात सूक्ष्मदर्शकातनं बघितलं, त्या म्हणजे केशवाहिन्या.

प्रश्न ५. केशवाहिन्यांचे कार्य तुमच्या परिसरातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.

आमच्या द्राक्षबागेत ड्रीप आहे. मोटरवरनं मेन लाईन येते, तिला सबमेन, सबमेनला लॅटरल आणि लॅटरलला प्रत्येक वेलीच्या बुडात ड्रीपर. पाणी मेन लाईनमध्ये कितीही जोरात असू दे, वेलीला मिळतं ते ड्रीपरमधनं थेंबाथेंबानंच. महाधमनी म्हणजे मेन लाईन, पुढं धमन्या बारीक बारीक होत जातात आणि शेवटी केशवाहिन्या. त्यांची भिंत एकाच पेशीच्या थराची असते आणि तांबड्या पेशी त्यातनं एकामागं एक रांगेनं जातात, इतकी जागा कमी. भिंत पातळ असल्यामुळंच ऑक्सिजन आणि अन्न पेशींना जातं आणि टाकाऊ पदार्थ रक्तात येतात. धमनीच्या जाड भिंतीतनं हे होत नाही.

पण हे उदाहरण अर्धंच बसतं हे पण लिहितो. ड्रीपचं पाणी मातीत मुरतं, परत विहिरीत येत नाही. रक्त येतं. केशवाहिन्या पुढं जुळत जुळत शिरा होतात. बागेतल्या प्रत्येक वेलीपासनं परत विहिरीपर्यंत दुसरी पाईपलाईन टाकायची म्हटली तर केवढं काम होईल, आणि अंगात ते आधीच केलेलं असतं.

प्रश्न ६. झडपा नसत्या तर काय झाले असते?

विहिरीत मोटरच्या पाईपला खाली फूट व्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही. मागच्या उन्हाळ्यात त्यात काडी अडकून तो नीट बसत नव्हता, तर मोटर बंद केली की पाईपमधलं सगळं पाणी विहिरीत उतरायचं आणि परत चालू करताना मोटर हवा धरायची, पप्पा रोज बादलीनं पाणी ओतून मग चालू करायचे. हृदयात झडप नीट बंद झाली नाही तर तसंच, निलय दाबलं की रक्त पुढं जायच्या ऐवजी थोडं मागं अलिंदात जाणार आणि तेवढंच रक्त पुढं पाठवायला हृदयाला जास्त काम पडणार. फरक असा की मोटर बंद करून व्हॉल्व्ह काढता येतो, हृदय तर चालूच असतं.

प्रश्न ७. हृदय एका दिवसात किती रक्त पंप करते? हिशोब दाखवा.

एका ठोक्याला साधारण ७० मिली.
७० × ७२ = ५०४० मिली, म्हणजे मिनिटाला ५ लिटर
५०४० × ६० × २४ = ७२,५७,६०० मिली, म्हणजे दिवसाला ७,२०० लिटरच्या वर

अंगात रक्त असतं ५ लिटरच्या आसपास, म्हणजे जवळपास सगळं रक्त एका मिनिटात एक फेरी मारतं. उन्हाळ्यात ५ हजार लिटरचा पाण्याचा टँकर येतो, तर हृदय एका दिवसात दीड टँकरच्या जवळ जातं, ते पण माणूस नुसता बसून असताना.

प्रश्न ८. कृती: नाडीचे ठोके मोजा व निष्कर्ष लिहा.

१५ सेकंद मोजून ४ नं गुणलं. अंगठ्यानं मोजलं नाही कारण अंगठ्याला स्वतःची नाडी असते, ती लागली की गोंधळ होतो.

मी, बसून – ७६
मी, बागेला दोन चकरा पळून लगेच – १२८
मी, पाच मिनिटांनी – ८४
आजोबा, बसून – ६८
लहान बहीण (वय ५), बसून – १००

पळताना पायाच्या स्नायूंना ऑक्सिजन जास्त लागतो म्हणून हृदय जोरात चालतं. थांबलो तरी लगेच ७६ वर आलं नाही, पाच मिनिटांनी पण ८ जास्तच होते. लहान मुलांचं हृदय छोटं असतं, एका ठोक्याला कमी रक्त जातं म्हणून ठोके जास्त पडतात. बहिणीचं मोजणं सगळ्यात अवघड गेलं, ती हात काढून घेत होती, तिसऱ्या वेळेला आईनं तिला मांडीवर घेतलं तेव्हा बरोबर आलं.

प्रश्न ९. डाव्या निलयाची भिंत जाड का असते? (निरीक्षण केले असल्यास लिहा)

उजव्या निलयाला रक्त फक्त शेजारच्या फुफ्फुसापर्यंत पाठवायचं असतं. डाव्याला मेंदूपासनं पायाच्या नखापर्यंत. लांब आणि उंच पाणी न्यायला जास्त हॉर्सपॉवरची मोटर लागते, तसं.

निरीक्षण केलंय. रविवारी पप्पांबरोबर मटणाच्या दुकानात गेलो. तिथं "काळीज" मागितलं तर लिव्हर देतात, म्हणजे यकृत. आपण बोलताना काळीज धडधडलं म्हणतो पण दुकानात काळीज धडधडणारं नसतं. म्हणून हृदय पाहिजे असं सांगितलं आणि वरची नळी कापू नका असं पण सांगितलं. घरी धुऊन आधी नुसतं दाबून बघितलं, एक बाजू मऊ लागते, एक बाजू घट्ट, घट्ट ती डावी. पप्पांनी सुरीनं आडवं कापायच्या आधी मी महाधमनीत नळाचं पाणी सोडलं. मला वाटलं आत जाईल, पण नळी भरली आणि पाणी वर थांबलं, हळूहळू थोडं उतरलं तेवढंच. आत बॅटरी मारून बघितलं तर पांढऱ्या, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या तीन पाकळ्या एकमेकांना चिकटून बंद झाल्या होत्या. त्यांच्याच वरच्या अंगाला दोन बारीक भोकं दिसली, त्या हृदयाला स्वतःला रक्त देणाऱ्या धमन्या, पाणी तिथनं उतरत होतं. मग कापलं आणि पट्टीनं मोजलं, डावी भिंत सव्वा सेंटीमीटर, उजवी जेमतेम ४ मिलिमीटर. पाकळ्यांना टोकाला धरून ओढून बघितलं, दिसायला इतक्या पातळ पण फाटल्या नाहीत.