आरोग्य विम्याचा दावा नाकारल्याबद्दल तक्रार

दि. 27 ऑक्टोबर 2025

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

विषय : 14 ऑक्टोबर 2025 च्या पत्राने नाकारलेला रु. 84,350 चा दावा मंजूर करणेबाबत.

महोदय,

आपलं मूळ पत्र मला अजून मिळालेलं नाही. एजंटने त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. पत्र इंग्रजीत आहे. जळगावला बी.कॉम. करणाऱ्या माझ्या भाचीने ओळ न ओळ मराठीत उतरवून दिलं, तेव्हा कुठे कळलं की मी ‘महत्त्वाची माहिती लपवली’ असं आपलं म्हणणं आहे. फोटोत कागदाच्या घडीवर सावली पडली आहे. नेमका कलमाचा आकडा तिथेच आहे, तो वाचता येत नाही. अंदाजाने आकडा न लिहिता तिने ती जागा कोरी सोडली आहे. भाषांतर सोबत जोडलं आहे.

मला 12 वर्षांपासून बी.पी. आहे आणि 2019 मध्ये पॉलिसी घेताना मी ते सांगितलं नाही, असं आपण लिहिता. हे खरं नाही. हा आकडा दवाखान्याच्या केसपेपरवरून घेतलेला दिसतो. त्या कागदावर रकाना पाडणारी छापील उभी रेघ आहे आणि डॉक्टरांनी ‘2 वर्षे’ अगदी तिला चिकटून लिहिलं आहे. झेरॉक्समध्ये ती रेघ एकासारखी दिसते, म्हणून दोनाचे बारा झाले. मूळ केसपेपरवर रेघ छापील निळी आणि आकडा काळ्या शाईचा आहे. बी.पी.ची माझी पहिली चिठ्ठी 11 जुलै 2023 ची आहे. 2019 मध्ये जो आजार नव्हताच, तो मी लपवणार कसा?

शिवाय मी दवाखान्यात होतो तो डेंग्यूने. 6 ते 11 सप्टेंबर, प्लेटलेट 18 हजारांवर आलेल्या. त्याचा बी.पी.शी काय संबंध, हे पत्रात कुठेच नाही.

पॉलिसी 18 जून 2019 पासून एकदाही खंड न पडता चालू आहे. केळीला भाव नव्हता त्या वर्षीही हप्ता वेळेवर भरला. सलग 60 महिने पूर्ण झाल्यावर, फसवणूक सिद्ध केल्याशिवाय, माहिती दिली नाही या कारणाने दावा नाकारता येत नाही, असा विमा नियामक प्राधिकरणाचा नियम आहे. पूर्वी ही मुदत 8 वर्षे होती, 2024 मध्ये ती 5 वर्षांवर आली. माझे 76 महिने झाले आहेत. मी फसवणूक केली असं आपलं म्हणणं असेल, तर पुरावा दाखवा.

बिल भरायला घरच्यांनी गळ्यातली पोत गहाण ठेवली. तिचं व्याज दर महिन्याला चढतं आहे.

तरी दाव्याचा फेरविचार करून पूर्ण रक्कम द्यावी. तसं होणार नसेल तर कलमाच्या आकड्यासह मूळ पत्र आणि ज्या कागदावरून 12 वर्षे धरली त्याची प्रत पाठवावी. 30 दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी विमा लोकपालांकडे तक्रार दाखल करीन.

आपला,
प्रल्हाद पाटील
ता. यावल, जि. जळगाव

सोबत : पत्राचा फोटो व मराठी भाषांतर, केसपेपरची रंगीत प्रत, 2 वर्षांबद्दल डॉक्टरांचा सही-शिक्क्याचा दाखला, 2023 ची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड, बिलं, 2019 पासूनच्या हप्त्यांच्या पावत्या.