विषय : डेटाबेस टीममधल्या अंतर्गत जागेसाठी बदलीची विनंती

आदरणीय मेधा मॅडम,

नमस्कार.

डेटाबेस टीममध्ये क्वेरी परफॉर्मन्सच्या कामासाठी एक जागा अंतर्गत उमेदवारांना खुली झाल्याचं परिपत्रक गेल्या सोमवारी आलं. त्या जागेसाठी माझा विचार व्हावा, अशी विनंती करते. मी सध्या शिरीष सरांच्या ग्राहक साहाय्य टीममध्ये सीनियर सपोर्ट इंजिनिअर आहे. दोन्ही टीम तुमच्याकडे येतात म्हणून पत्र तुम्हाला लिहिते आहे. सरांना आणि एचआरला प्रत ठेवली आहे.

सरांशी मी गुरुवारीच बोलले. अर्ज जाण्याआधी त्यांना माझ्याकडून कळावं, असं मला वाटत होतं. त्यांनी साहजिकच पहिल्यांदा विचारलं, की इथे काही अडचण आहे का. त्यांना जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. इथून सुटका हवी म्हणून मी अर्ज करत नाही. मला ज्या कामाची ओढ लागली आहे ते त्या टीममध्ये चालतं, म्हणून करते आहे. सरांनी अर्ज करायला हरकत घेतली नाही. महिनाअखेरीची घडी विस्कटू नये एवढीच त्यांची अट आहे. ती मला मान्य आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

ओढ कशी लागली हे एका प्रकरणावरून सांगते. नुसतं 'आवड आहे' म्हटल्याने तुम्हाला ठरवायला काही हाती लागणार नाही.

दर महिन्याच्या सुरुवातीला गोदाम शिलकेचा रिपोर्ट उघडत नाही, अशी तिकिटं आपल्याकडे यायची. चार-पाच ग्राहक, बहुतेक मोठे. काही दिवसांनी तक्रार आपोआप थांबायची आणि तिकीट बंद व्हायचं. सपोर्टमध्ये ते तिथे संपणंच योग्य आहे, कारण रिपोर्ट सुरू झालेला असतो आणि पुढचा ग्राहक फोनवर वाट बघत असतो. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. ग्राहकाने काही केलं नाही, आपण काही केलं नाही, मग थांबलं कशामुळे?

जुनी तिकिटं तारखेनुसार लावून पाहिली. तक्रारी एक तारखेपासून सुरू व्हायच्या आणि थांबायच्या मात्र कधी तीन तारखेला, कधी सहा, कधी सात. कॅलेंडर शेजारी धरल्यावर दिसलं की थांबण्याचा दिवस प्रत्येक वेळी महिन्यातला पहिला सोमवार होता. त्यात एका ग्राहकाने बोलता बोलता सांगितलं, की मागच्या महिन्याचा रिपोर्ट त्याच स्क्रीनवर दोन सेकंदांत येतो, चालू महिन्याचा चार मिनिटं घेतो आणि मग तुटतो. हे दोन धागे जोडून मी तिकीट डेटाबेस टीमकडे पाठवलं. ते लोक हे कसं शोधतात ते शेजारी बसून बघितलं तर चालेल का म्हणून सरांना विचारलं, तेव्हा सरांनीच मला त्या टीमसोबत एक दुपार बसायला मोकळं केलं.

त्या दुपारी पहिल्यांदा `EXPLAIN ANALYZE` चं उत्तर कोणीतरी शेजारी बसून वाचून दाखवलं. पोस्टग्रेसचा अंदाज होता `rows=1`. प्रत्यक्षात आलेल्या नोंदी दोन लाखांहून जास्त. एकच नोंद येणार असं समजून त्याने नेस्टेड लूप निवडला होता, म्हणजे पहिल्या टेबलातल्या प्रत्येक नोंदीसाठी दुसऱ्या टेबलात एक फेरी. एका नोंदीला ते उत्तम, दोन लाखांना जीवघेणं.

अंदाज चुकण्याचं कारण तर मला अजूनही सुंदर वाटतं. एक तारखेला आपलं काम सगळ्या गोदामांची शिल्लक एकदम नव्या महिन्यात ओढतं. टेबल सुमारे सत्तर लाख नोंदींचं. पोस्टग्रेस आपली आकडेवारी स्वतःहून ताजी करतं, पण मूळ सेटिंगप्रमाणे टेबलाचा सुमारे 10 टक्के भाग बदलल्यावर. म्हणजे इथे सात लाख नोंदी. आपल्या दोन लाख त्या उंबरठ्याच्या बऱ्याच अलीकडे राहायच्या. मग आकडेवारीत आधीचे सगळे महिने होते, नवा महिना नव्हता. ज्या महिन्याची नोंदच माहीत नाही, त्यात जवळजवळ काहीच नसणार, असा हिशेब करून तो मोकळा. रविवारी रात्री आपलं साप्ताहिक `ANALYZE` चालायचं आणि सोमवारी सकाळी सगळं सुरळीत. इंडेक्स जागेवर, क्वेरी बरोबर, सर्व्हरवर ताण नाही. शिल्लक ओढण्याच्या कामाच्या शेवटी त्या एका टेबलासाठी `ANALYZE` ची ओळ वाढवली, एवढाच उपाय होता. त्यानंतर या प्रकारचं तिकीट माझ्या पाहण्यात आलेलं नाही.

उपाय माझा नव्हता, हे स्पष्ट असावं. तो डेटाबेस टीमने शोधला. माझा वाटा तिकिटं लावून पाहण्यापर्यंतचा. पण घरी जाताना मनात एकच होतं, की हे वाचायला मला स्वतःला यायला हवं.

तेव्हापासून संध्याकाळी मी हेच शिकते आहे. क्वेरी प्लॅन वाचणं, इंडेक्स कधी वापरला जातो आणि कधी असूनही वापरला जात नाही, लॉक कुठे अडकतात हे चाचणी डेटावर करून बघते. रोजच्या कामातही त्याचा उपयोग होतो. रिपोर्टबद्दलचं तिकीट डेटाबेस टीमकडे पाठवताना आता मी कोणत्या फिल्टरने मंद होतं, कोणत्याने होत नाही आणि कधीपासून, हे तपासून सोबत लिहिते. त्यांच्याकडून परत येणारे प्रश्न कमी झाले आहेत.

काय येत नाही तेही सांगायला हवं. बॅकअप परत उभा करणं मी फक्त सरावाच्या मशीनवर केलं आहे, चालू सिस्टिमवर कधीच नाही. रेप्लिकेशनबद्दल वाचलं आहे, हाताने केलेलं फार थोडं. लहान स्क्रिप्ट लिहिते, पण मी डेव्हलपर नाही. परिपत्रकात या जागेसाठी दोन वर्षांचा डेटाबेसचा अनुभव 'असल्यास प्राधान्य' असं म्हटलं आहे, तो माझ्याकडे नाही. त्याऐवजी सपोर्टमधली साडेतीन वर्षं आहेत. कोणता ग्राहक कोणता रिपोर्ट कोणत्या तारखेला काढतो, कुठली स्क्रीन दिवसभर उघडी ठेवतो, कोण वर्षभराचा डेटा एकदम मागतो आणि का मागतो, हे मला तोंडपाठ आहे. कोणती क्वेरी आधी हातात घ्यावी हे ठरवताना ही माहिती कामी येते. आकड्यांत सर्वांत मंद दिसणारी क्वेरी कधीकधी रात्री दोनला चालते आणि तिची वाट कोणीच पाहत नसतं.

आताच्या टीमने मला जे दिलं ते या अर्जाच्या मुळाशी आहे. चिडलेल्या माणसाकडून नेमकी माहिती कशी काढायची, माहीत नसेल तर तसं सरळ कसं सांगायचं, आणि लिहिलेलं तिकीट तिसऱ्या माणसालाही कळेल असं कसं लिहायचं, हे मी तिथे शिकले. जुनी तिकिटं प्रकारानुसार लावून ठेवण्याची शिस्त सरांची. ती नसती तर वरचं सोमवारचं गणित मला दिसलंच नसतं.

आता हँडओव्हरचं. माझ्याकडे सध्या अकरा मोठे ग्राहक आणि महिनाअखेरीची आठवड्याभराची ड्युटी आहे. नियमाप्रमाणे चार आठवड्यांत बदली होऊ शकते, पण मी सहा ते आठ आठवडे धरावेत असं सुचवते, म्हणजे मधल्या दोन महिनाअखेरी पार पडतील. पहिली मी करीन आणि माझ्या जागी येणारी व्यक्ती शेजारी बसेल. दुसरी ती करेल, मी शेजारी बसेन. ग्राहकांपैकी सात जणांच्या नोंदी पूर्ण आहेत. उरलेल्या चौघांच्या सेटिंगमध्ये बरेच अपवाद आहेत आणि ते काही अंशी माझ्या डोक्यातच आहेत. ते लिहून काढायला मी या आठवड्यापासून सुरुवात केली आहे. बदली झाली नाही तरी ते लिहिलेलं असणं बरंच. बदलीनंतरही पहिल्या तिमाहीत महिनाअखेरीला काही अडलं तर सपोर्ट टीमने मला बोलवावं. नव्या टीमची हरकत नसेल, तर मी येईन.

श्रेणी आणि पगार आहे तोच राहिला तरी चालेल. त्या टीममध्ये रात्रीची ऑन-कॉल पाळी असते, याची मला कल्पना आहे आणि घरी त्याबद्दल बोलणं झालं आहे. सुरुवातीला तिथल्या सगळ्यांत नवख्या माणसाचं काम मिळेल, त्याचीही तयारी आहे. एक मात्र विचारावंसं वाटतं : एखाद्या अनुभवी सहकाऱ्यासोबत पहिले तीन महिने जोडीने काम करता येईल का? नियमात तसं काही नाही, पण मला वाटतं त्यामुळे मी लवकर उपयोगी पडेन.

या वेळी दुसरा उमेदवार अधिक योग्य ठरला, तर मला ते समजेल आणि सध्याचं काम आहे तसंच चालू राहील. तसं झालं, तर आठवड्यातून एक दुपार मंद रिपोर्टच्या तिकिटांवर डेटाबेस टीमसोबत काम करायला मिळावं, अशी विनंती आहे. हे सरांच्याही कानावर घातलं आहे. दर महिन्याचे पहिले आणि शेवटचे काही दिवस सोडून कुठलीही दुपार चालेल, असं ते म्हणाले.

सोबत तीन गोष्टी जोडल्या आहेत : अंतर्गत बदलीचा भरलेला फॉर्म, गोदाम शिलकेच्या प्रकरणाची दोन पानी नोंद (ग्राहकांची नावं काढून), आणि हँडओव्हरचा कच्चा आराखडा. डेटाबेस टीमला माझी चाचणी घ्यायची असेल, तर एखादी खरी मंद क्वेरी समोर ठेवून घेतली तर मला आवडेल.

याबद्दल बोलण्यासाठी तुमची वीस मिनिटं मिळाली तर बरं होईल. मंगळवारी आणि बुधवारी दुपारी तीननंतर मी मोकळी आहे. गुरुवारपासून महिनाअखेरीची ड्युटी सुरू होते, त्यामुळे त्यानंतर थेट पुढच्या महिन्याच्या पाच तारखेनंतर.

आपली,
अमृता
सीनियर सपोर्ट इंजिनिअर, ग्राहक साहाय्य टीम

प्रत : शिरीष सर, एचआर विभाग