तौलनिक धर्म अभ्यासाचे पहिले पारितोषिक स्वीकारताना

आदरणीय प्रमुख पाहुणे, गुरुजन, पालक आणि मित्रमैत्रिणींनो,

सर, पहिल्याच तासाला मी तुम्हाला विचारलं होतं, रमजान दरवर्षी सरकत का जातो? तुम्ही लगेच उत्तर दिलं नाहीत. फळ्यावर तीन कालगणना मांडल्यात. हिजरी वर्ष पूर्ण चांद्र, 354 किंवा 355 दिवसांचं, म्हणून रमजान साधारण 33 वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. ज्यू पंचांगात मात्र 19 वर्षांत 7 जादा महिने येतात. "म्हणजे आपला अधिक महिनाच की!" मी ओरडलेच. एकच चंद्र, आणि त्याच्याशी हिशोब जुळवायच्या किती रीती! त्या दिवशी मला हा विषय आवडला.

बाई, माझ्या निबंधात तुम्ही 'ते लोक' या शब्दांखाली लाल रेघ ओढली होतीत. समासात लिहिलंत, "नाव घेऊन लिही." मी पुन्हा लिहिलं, तेव्हा निबंधच बदलला. या पारितोषिकापेक्षा ती रेघ मला मोठी वाटते.

मित्रांनो, परीक्षेपुरतं वाचून थांबू नका. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला विचारा, तुमच्याकडे प्रार्थना कशी करतात, उपास का धरतात? आदराने विचारलं की माणसं भरभरून बोलतात. आपली श्रद्धा त्याने पातळ होत नाही. माझी तर अधिक डोळस झाली.

सर, बाई, मी तुमची ऋणी आहे. धन्यवाद.