२०००० एमएएचचा पॉवर बँक चवथीपासून रोज वापरल्यावर

गेल्या वर्षी चवथीच्या आधी घेतला, आता मे चालू आहे. काम फिरतीचं, डिचोली-म्हापसा-पणजी असं दिवसभर स्कूटरवर, मॅप चालू, दुकानदारांचे फोन, यूपीआय, त्यामुळे पॉवर बँक बॅगेत नाही असा दिवस जात नाही. २०००० एमएएच, २२.५ वॅट, सतराशेला पडला.

आधी कॅपॅसिटीचं बोलूया कारण लोक सगळ्यात जास्त यावरच वैतागतात. बॉक्सवर समोर मोठ्ठे २०००० लिहिलेले असतात ते आतल्या सेलचे, ३.७ व्होल्टवरचे, म्हणजे ७४ वॉट-अवर. फोनला मात्र ५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त लागतात, ते व्होल्टेज वाढवताना थोडी वीज उष्णता होऊन जाते आणि वर व्होल्टेज वाढलं की एमएएचचा आकडा तसाही कमी होतो. म्हणून मागच्या बाजूला बारीक करड्या अक्षरात, मला तर टॉर्च मारून वाचावं लागलं, 'रेटेड कॅपॅसिटी १२००० एमएएच, ५ व्होल्ट' असं छापलेलं असतं. विकत घेताना तोच आकडा बघा, दोन पॉवर बँकांची तुलना करायची तर त्याच आकड्यावर करा.

नवीन असताना यूएसबी मीटर लावून ५ व्होल्टवर पूर्ण रिकामा केला तेव्हा १२३०० च्या आसपास आले, म्हणजे लिहिलंय त्यापेक्षा थोडे जास्तच, खूश झालो. परवा परत तसंच केलं तर ११६०० आले. एवढ्या वापरानंतर एवढी घट मला तरी चालते. माझा फोन ५००० एमएएचचा, तो आधी शून्यापासून पावणेतीन वेळा भरायचा, आता अडीच वेळा धरून चाला. चार वेळा भरेल असं दुकानात कोणी सांगत असेल तर ते २०००० ला ५००० ने भागून सांगतायत, तसं होत नाही.

आता गरम होण्याचं. साध्या चार्जिंगला कोमट, काळजी नाही. फास्ट चार्जिंगला हातात घेतल्यावर चांगलंच जाणवतं, घरातल्या इन्फ्रारेड थर्मामीटरने वरच्या बाजूला ४४ डिग्री दाखवली, खोलीत तेव्हा ३२ होती. खरा त्रास आहे तो एकाच वेळी पॉवर बँकही चार्जला आणि त्यातून फोनही चार्ज करायचा त्यात, तेव्हा ४८ पर्यंत गेला. चालतं म्हणून करत राहू नका, लिथियम सेल ४५ च्या वर असताना चार्ज करणं त्यांना मानवत नाही, आयुष्य भराभर कमी होतं.

आणि गोव्यात आपला मोठा शत्रू म्हणजे स्कूटरची डिकी. शुक्रवारच्या बाजाराला म्हापशात उन्हात गाडी लावली की दुपारी डिकीत हात घालवत नाही, खालून इंजिनाची उष्णता वेगळी. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकाचा पॉवर बँक कायम डिकीतच असायचा, स्वस्तातला, कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही. एक दिवस काढला तर मधोमध फुगून टेबलावर ठेवला की डुलायचा, कडेची शिवण उघडलेली. तरी तो म्हणे अजून चार्ज होतो की! मी अक्षरशः हातातून काढून घेतला. फुगलेला पॉवर बँक चार्ज होत असला तरी संपलेला समजायचा, दाबायचा नाही, टोचायचा नाही, कचऱ्याच्या पिशवीत तर अजिबात नाही, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायचा.

माझा बॅगेत असतो, सपाट आहे, सांध्याला फट नाही. फक्त पावसाच्या दिवसांत टाइप-सी पोर्टच्या आत कडेला हिरवट डाग आला, दमट हवा आणि खारा वारा दुसरं काय. तेव्हापासून ओल्या बॅगेतून काढला की सुकल्याशिवाय केबल लावत नाही.

सेफ्टीसाठी मी एकच गोष्ट सोडणार नाही, ती म्हणजे मागे छापलेला बीआयएसचा आर-नंबर. बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनी आणि प्रॉडक्ट दिसतं, माझा बरोबर दिसला. नंबरच नसेल किंवा दुसऱ्याच वस्तूचा निघाला तर कितीही स्वस्त असो घेऊ नका, आपण ही वस्तू उशाशी ठेवून झोपतो. ठेवूही नका खरं तर, चार्जला लावलेला असताना गादीवर तर नाहीच, मी लादीवर ठेवतो आणि जागा असतानाच चार्ज करतो, १८ वॅटच्या चार्जरवर रिकामा भरायला पाच तास जातात, हा त्याचा मोठा तोटा आहे.

मोपावरून विमानाने जाणार असाल तर हँडबॅगेतच न्यायचा, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. ७४ वॉट-अवर म्हणजे १०० च्या आत, त्यामुळे वेगळी परवानगी लागत नाही, पण ते अक्षर वाचता आलं पाहिजे. माझ्यावरची छपाई बॅगेत घासून पुसट व्हायला लागलीय म्हणून वरून पारदर्शक टेप लावून ठेवलाय.