विषय : जमिनीच्या कागदांच्या इंग्रजी भाषांतरासाठी २४ जूनपर्यंत मुदत मिळण्याबाबत

पुणे, १२ जून २०२५

आदरणीय कुलकर्णी मॅडम,

सप्रेम नमस्कार.

वाटपाच्या दाव्यातल्या ३८ पानांचं भाषांतर मी सोमवारी, १६ तारखेला देणार होते. ते त्या दिवशी पूर्ण होणार नाही. मला मंगळवार, २४ जूनपर्यंत वेळ द्यावा अशी विनंती आहे. सुनावणी ३ जुलैला आहे हे लक्षात ठेवूनच ही तारीख मागते आहे.

चूक आधी माझी. तुम्ही फाइल पाठवलीत तेव्हा मी वरची पाच-सहा पानं उघडली, ती सातबाऱ्याची होती, स्वच्छ होती, आणि त्याच भरात होकार दिला. खालची पानं तेव्हाच बघायला हवी होती.

सातबाऱ्याची सगळी १४ पानं आणि फेरफारांपैकी ७ पानं झाली आहेत. ही २१ पानं उद्या संध्याकाळी पाठवते, म्हणजे तुमचं वाचन सुरू होईल. अडलं आहे ते १९५८ चं खरेदीखत (७ पानं), १९४९ चं वाटपपत्र (६ पानं) आणि फेरफारांची उरलेली ४ पानं. हे स्कॅन मूळ कागदाचे नसून झेरॉक्सच्या झेरॉक्सचे आहेत. मागच्या बाजूची शाई पुढे उतरली आहे, आणि खरेदीखताच्या दुसऱ्या पानाची घडी नेमकी क्षेत्राच्या ओळीवरून गेली आहे. मोठं करून पाहिलं तर अक्षराऐवजी नुसते चौकोन दिसतात.

एकच उदाहरण देते. त्या ओळीत क्षेत्र '२ एकर १९ गुंठे' आहे की '२ एकर ११ गुंठे', हे कळत नाही. लिहिणाऱ्या कारकुनाचा ९ आणि १ यांत फरक फक्त वरच्या गाठीचा, आणि ती गाठच घडीत गेली. आठ गुंठे म्हणजे ८,७१२ चौरस फूट. किमतीचंही तसंच, ९५० की १५०? एरवी 'अक्षरी रुपये' बघून आकड्याची खातरजमा होते, पण इथे 'अक्षरी'च्या पुढचा भाग शिक्क्याखाली आहे.

याहून मोठी अडचण विकणाऱ्याच्या नावामागे आहे. तिथे तीन ठिपके आणि काहीतरी अक्षरं आहेत. ते 'ए. कु. मॅ.' असेल, तर त्यांनी एकत्र कुटुंबाचे मॅनेजर म्हणून विकलं. 'अ. पा. क.' असेल, तर कुणा अज्ञानाचे पालनकर्ते म्हणून. नुसते डाग असतील, तर स्वतःच्या नावाने. तुमच्या दाव्यात याला किती वजन आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. खाली 'मूळाबरहुकूम खरे भाषांतर' म्हणून सही माझी असणार आहे, त्यामुळे अंदाजाने काहीही भरणार नाही. जे वाचता येणार नाही तिथे [अवाच्य] असंच लिहीन, मात्र अशा जागा कमीत कमी राहाव्यात एवढ्यासाठीच हे आठ दिवस हवे आहेत.

तुमच्याकडून तीन गोष्टी मिळाल्या तर काम खूप सोपं होईल. खरेदीखताची सूची क्रमांक दोन दुय्यम निबंधक कार्यालयातून काढली असेल तर पाठवा, त्यात क्षेत्र, रक्कम आणि दोन्हीकडची नावं मिळतील. मूळ कागद किंवा नक्कल अशिलाकडे असेल तर तीनशे डीपीआयला, रंगीत स्कॅन करून ईमेलने पाठवायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, तिथे तो दाबला जाऊन पुन्हा हीच गत होते. आणि फेरफाराच्या त्या ४ पानांसाठी कुणी तहसीलच्या अभिलेख कक्षात जाणार असेल, तर तारीखवार नोंद क्रमांकांची यादी मी करून ठेवली आहे, लगेच देते.

आणखी एक परवानगी हवी. वाटपपत्रावरच्या दोन साक्षीदारांच्या सह्या मोडीत आहेत. माझ्या ओळखीतले एक निवृत्त शिक्षक मोडी वाचतात. फक्त सह्यांचा भाग कापून त्यांना दाखवला तर चालेल का? तुमच्या होकाराशिवाय एक ओळही बाहेर जाणार नाही.

ठरलेल्या रकमेत बदल नाही. नवे स्कॅन १७ तारखेच्या आत आले, तर २४ च्या आधी, बहुधा शनिवारी २१ लाच सगळं देता येईल. आले नाहीत, तरी २४ ला मी आहे त्या पानांवरून, [अवाच्य] जागांच्या यादीसह, काम पूर्ण करून देईन.

१६ तारखेलाच काही तातडीने दाखल करायचं असेल तर आज रात्रीपर्यंत फोन करा, मग कुठली पानं आधी घ्यायची ते ठरवू. दहा वाजेपर्यंत मी जागीच असते.

तुम्हाला झालेल्या गैरसोयीबद्दल मनापासून दिलगीर आहे.

आपली,
मेधा