फोटोखाली एक ओळ

आई-बाबा,

परवा बाबांनी ग्रुपवर प्लास्टर घातलेल्या पायाचा फोटो टाकला. खाली एक अक्षर नाही. ताई मीटिंगमधून उठून बाहेर आली, तीनदा फोन लावला, आणि बाबांचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला! अर्ध्या तासाने कळलं, पाय शेजारच्या काकांचा. 'काकांचा पाय, आम्ही ठणठणीत' एवढं लिहिलं असतं तर तिचा जीव टांगणीला लागला नसता. (काकांना विचारलं होतंत ना, फोटो टाकायच्या आधी?)

म्हणून ही चिठ्ठी. फोटो पाठवायचे थांबवू नका, फक्त सोबत एक ओळ जोडा. आमच्या फोनवर वर नुसतं 'Photo' येतं, कामाच्या गडबडीत ते राहून जातं. शब्द दिसले की हात आपोआप तिकडे जातो.

लिहायचा कंटाळा येतो, चष्मा सापडत नाही, सगळं मान्य. मग बोला. फोटो पाठवून झाला की त्याच फोटोवर बोट ठेवून उजवीकडे सरकवा, म्हणजे तो खाली लिहायच्या जागेवर छोटा होऊन दिसेल. आता कोपऱ्यातलं माइकचं चित्र दाबून धरा, बोला, बोट सोडा. गेला आवाज, तोही त्याच फोटोला चिकटून. चुकलं तर बोट न उचलता डावीकडे ओढा, रद्द होतं. आईसारखं सविस्तर सांगायचं असेल तर बोट वर सरकवा. मग धरून बसायला नको, संपल्यावर बाणावर टिचकी मारली की झालं. अडखळलात तरी पाठवा, आम्हाला काही भाषण नकोय.

दुसऱ्यांकडून आलेलं पुढे ढकलताना ते का पाठवताय, तेही सांगा. 'हसू आलं म्हणून', 'खरं आहे का बघ', काहीही. त्यातही वर दोन बाण आणि 'Forwarded many times' दिसलं, तर तो फोटो किमान पाच हातांतून फिरून आलाय. औषधपाण्याचं किंवा पैशांचं असेल तर आधी आम्हाला विचारा, मगच पुढे.

सकाळच्या फुलांना ओळ नसली तरी चालेल. पण बाबा, त्या फुलाखाली 'रात्री झोप छान लागली' असं असेल, तर ते फूल मी नक्की उघडीन. खरं सांगायचं तर बाकीची उघडत नाही.

आणि आई, तू रविवारी टाकलेला तो जुना काळा-पांढरा फोटो. मधे दोन वेण्या घातलेली तू, हे ओळखलं. डावीकडे तुझा हात धरून उभी आहे ती कोण? मामाला विचारलं, त्यालाही आठवत नाही. त्या फोटोखाली तेवढं बोलून पाठव. आजच.